ठरलेले किलोमीटर आणि कोऱ्या ड्युटी स्लिपा: कर्मचारी वाहतुकीच्या करारात झालेली आमची फसवणूक

आमच्या संस्थेच्या प्रशासन विभागात वाहनांची बिले तपासून पुढे पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. कर्मचाऱ्यांना घरून आणणे आणि सोडणे यासाठी आम्ही तीन गाड्या मासिक भाड्याने घेतल्या होत्या, आणि त्या करारावर सही होण्यापूर्वी मसुदा वाचून 'हरकत नाही' असा शेरा मीच लिहिला होता. पुढे जे घडले त्यातले काही पुरवठादाराने सरळ सरळ खोटे लिहून केले, आणि बरेचसे आम्ही सही केलेल्या शब्दांच्या आधारे केले. या दोहोंतला फरक मला बिलाचे पैसे गेल्यानंतर कळला, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

करारात प्रत्येक गाडीसाठी महिन्याला 2,000 किलोमीटर, 26 दिवस आणि रोज 12 तास असे ठरले होते. त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरला आणि प्रत्येक तासाला वेगळा दर होता. पहिल्या गाडीचा मार्ग मी आधीच मोजून घेतला होता. सकाळी शेवटच्या टोकापासून कार्यालयापर्यंत 34 किलोमीटर, संध्याकाळी तेवढेच, आणि दिवसभरात कार्यालयाच्या कामाच्या साधारण 6 किलोमीटरच्या फेऱ्या, म्हणजे रोजचे 74 आणि महिन्याचे 1,924. ठरलेल्या मर्यादेत हे आरामात बसत होते आणि पहिले दोन महिने बिलेही तशीच आली. तिसऱ्या महिन्याच्या बिलात मात्र त्याच गाडीचे, त्याच मार्गावरचे 2,884 किलोमीटर लागले.

विचारणा केल्यावर पुरवठादाराने परिशिष्टातल्या एका ओळीवर बोट ठेवले: 'किलोमीटर व वेळ यांची गणना गॅरेजपासून गॅरेजपर्यंत केली जाईल.' ही ओळ मी वाचली होती. पहिले दोन महिने चालक गाडी पहिल्या कर्मचाऱ्याच्या घराजवळच उभी करत असल्यामुळे तिचा अर्थ कधी अंगावर आला नव्हता. तिसऱ्या महिन्यापासून पुरवठादाराने गाड्या उभ्या करण्याची जागा बदलली आणि ती मार्गाच्या टोकापासून आणखी 15 किलोमीटर लांब गेली. सकाळी 15, रात्री 15, असे रोजचे 30 आणि महिन्याचे 780 किलोमीटर गाडी रिकामी धावली, आणि ते सगळे आमच्या खात्यावर चढले. गॅरेज म्हणजे नेमकी कोणती जागा, ती बदलली तर वाढीव अंतर कोणी सोसायचे, यांपैकी काहीही करारात नव्हते. ज्या करारात गॅरेजपासून मोजणी आहे पण गॅरेजचा पत्ता नाही, त्या करारात ठरलेल्या किलोमीटरांना काहीही अर्थ उरत नाही, कारण मोजपट्टीचे एक टोक पुरवठादाराच्या हातात असते आणि ते तो हवे तेव्हा सरकवू शकतो.

पण 1,924 आणि 780 मिळून 2,704 होतात. उरलेले 180 किलोमीटर कुठून आले, याचा उलगडा ड्युटी स्लिपांवरून होणे शक्य नव्हते, कारण त्या स्लिपांवर गाडीत शेवटी उतरणाऱ्या कर्मचाऱ्याची सही घेतली जात असे आणि सहीच्या वेळी बंद रीडिंगची जागा कोरी असे. गाडी अजून गॅरेजला पोचायची आहे, पोचल्यावर आकडा लिहू, असे चालक सांगत, आणि गॅरेजपासूनची मोजणी मान्य केल्यावर ते म्हणणे तर्कशुद्धही वाटत असे. अशा प्रकारे महिनाभराच्या 26 स्लिपांवर आमच्याच माणसांच्या सह्या होत्या आणि आकडे मात्र नंतर कोणीतरी बसून भरलेले होते. सगळ्या आकड्यांचे हस्ताक्षर एक आणि शाईही एकच, हे मला बिल नाकारायला बसल्यावर दिसले. आधी दिसायला हवे होते.

उलगडा झाला तो फाटकावरच्या सुरक्षारक्षकांच्या नोंदवहीमुळे. गाडी आत येताना आणि बाहेर जाताना वेळेबरोबर मीटरचा आकडाही लिहिण्याची त्यांची जुनी शिस्त होती आणि त्याचा आम्हाला इतका उपयोग होईल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. एका शनिवारी संध्याकाळी गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मीटर 48,263 होते. तिथून शेवटच्या कर्मचाऱ्याचे घर 34 आणि पुढे गॅरेज 15, म्हणजे गाडी बंद झाली तेव्हा आकडा 48,312 असायला हवा होता. स्लिपवर 48,357 लिहिले होते, आणि सोमवारचे सुरुवातीचे रीडिंगही तेच होते. मधला रविवार सुट्टीचा होता. रविवारी ती गाडी दुसऱ्या कोणाच्या भाड्यावर 45 किलोमीटर फिरली होती आणि ते अंतर शनिवारच्या आमच्या स्लिपमध्ये मिसळून टाकले होते. चारही आठवड्यांच्या नोंदी अशाच ताडून पाहिल्या तेव्हा बरोबर 180 किलोमीटर निघाले.

यातली एक खूण बिल तपासणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गाडी सुट्टीच्या दिवशी दुसरीकडेही चालत असेल, तर आदल्या दिवसाचे बंद रीडिंग आणि पुढच्या कामाच्या दिवसाचे सुरुवातीचे रीडिंग यांत अंतर पडलेच पाहिजे. आमच्या स्लिपांमध्ये महिनाभर कुठेही एका किलोमीटरचाही खंड नव्हता, आणि तो सलगपणा मी दोन महिने नीटनेटकेपणा समजत होते.

त्याच महिन्यात दुसरी गाडी 1,480 आणि तिसरी 1,590 किलोमीटर चालली होती. पहिल्या गाडीचे फुगवलेले 2,884 जसेच्या तसे धरले तरी तिन्ही गाड्यांची बेरीज 5,954 होते आणि आम्ही मासिक भाडे भरत होतो 6,000 किलोमीटरचे. तरीही पहिल्या गाडीच्या 884 किलोमीटरचा वेगळा आकार लावला गेला, कारण करारात मर्यादा 'प्रत्येक गाडीसाठी' अशी होती. 'सर्व गाड्यांचे मिळून' एवढे शब्द असते तर रिकाम्या फेऱ्या धरूनही अतिरिक्त किलोमीटरपोटी आम्हाला काहीही द्यावे लागले नसते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते ती हीच गोष्ट, कारण इथे कोणी खोटे लिहिलेले नव्हते.

ओव्हरटाइमचे गणितही गॅरेजच्याच ओळीवर उभे होते. गॅरेजपासून टोकापर्यंत साधारण 25 मिनिटे लागत. जाण्यायेण्याची ही 50 मिनिटे धरल्यामुळे एरवी साडेअकरा तासांच्या आत संपणारे काम महिन्यातले 22 दिवस बारा तासांवर दहा-पंधरा मिनिटे जात राहिले. त्या मिनिटांची बेरीज 4 तास 24 मिनिटे होती आणि बिलात 22 तास लावले होते, कारण 'तासाचा कोणताही भाग पूर्ण तास धरला जाईल' असे कलम होते आणि ते रोज स्वतंत्रपणे लागू केले होते. मिनिटांची बेरीज महिन्याअखेरीस करून मग पूर्णांकित करायची, असे लिहिले असते तर 22 च्या जागी 5 तास झाले असते.

पुढच्या महिन्यात एके सकाळी पहिली गाडी बंद पडली. करारात 'समतुल्य बदली गाडी पुरवली जाईल' एवढेच होते. किती वेळात, किती आसनांची, कोणत्या कागदपत्रांसह, हे नव्हते. अडीच तासांनी सात आसनांच्या गाडीऐवजी चार आसनांची गाडी आली. तिला दोन फेऱ्या कराव्या लागल्या, त्यामुळे सकाळच्या 34 किलोमीटरचे 102 झाले आणि ते सर्व आकारले गेले, वर तिचे सुरुवातीचे रीडिंग आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट नंतर समजली. ती गाडी खासगी वापरासाठी नोंदलेली होती. अशा गाडीच्या विम्यात भाड्याने प्रवासी नेणे बहुधा वगळलेले असते, म्हणजे त्या दिवशी अपघात झाला असता तर आत बसलेल्या आमच्या सहकाऱ्यांच्या भरपाईवरच वाद उभा राहिला असता. पैशांचे नुकसान मी विसरेन, पण माणसे त्या गाडीत बसवून पाठवली हे विसरता येत नाही.

त्या बदली गाडीवर बदली चालक होता. तो गाडी चालवताना फोनवर बोलत राहिला, आणि रात्री उशीर झाला म्हणून एका सहकारी महिलेला घराच्या दारापर्यंत न सोडता मुख्य रस्त्यावरच उतरवून निघून गेला. आम्ही तक्रार केली तेव्हा चालक 'सौजन्यपूर्ण असावा' याखेरीज करारात काहीच नसल्याचे आढळले. शेवटच्या कर्मचाऱ्याला दारापर्यंत सोडण्याची सक्ती, चालवताना फोन न वापरण्याचे बंधन, लेखी तक्रारीनंतर किती तासांत चालक बदलायचा याची मुदत, यांतले काहीही नव्हते, आणि दंडाचे कलम नसल्यामुळे बिलातून कपात करण्याचा अधिकारही नव्हता.

शेवटी फाटकाच्या नोंदींच्या प्रती दाखवल्यावर पुरवठादाराने 180 किलोमीटरची रक्कम पुढच्या बिलातून वजा केली. उरलेले अतिरिक्त किलोमीटर आणि 22 तास यांवर तो ठाम राहिला आणि आमच्या विधी सल्लागारांनीही सही केलेल्या करारापुढे इलाज नाही असेच सांगितले. आम्ही महिन्याभराची नोटीस देऊन करार संपवला.

नव्या करारात मोजणी पहिला कर्मचारी चढतो तिथून शेवटचा उतरतो तिथपर्यंत आहे. किलोमीटरची मर्यादा तिन्ही गाड्यांची मिळून आहे. शेवटी उतरणारा कर्मचारी मीटरचे छायाचित्र घेतो आणि आकडा स्वतः लिहून मगच सही करतो. सुरुवातीचे रीडिंग पहिला चढणारा लिहितो. बदली गाडी एका तासात आणि तेवढ्याच आसनांची यावी लागते, नोंदणी व विम्याचे कागद फाटकावर दाखवल्याशिवाय तिच्यात कोणी बसत नाही, आणि ती लहान आली तर जास्तीची फेरी पुरवठादाराच्या खर्चाने होते. नव्या पुरवठादाराने मोजणीच्या कलमाला विरोध केला आणि त्याबदल्यात मासिक भाडे थोडे वाढवून मागितले. ते आम्ही दिले, कारण ती वाढ महिन्याच्या सुरुवातीलाच ठाऊक असते.

आणखी एक कलम माझ्या आग्रहाने आले. जुना करार संपताना पहिल्या गाडीच्या नेहमीच्या चालकाला मी ओव्हरटाइमबद्दल विचारले होते. तो शांत, वेळेवर येणारा माणूस होता आणि त्याच्याविरुद्ध आमची एकही तक्रार नव्हती. तिसऱ्या महिन्यातल्या त्या 22 तासांपैकी एकाही तासाचे पैसे त्याला मिळाले नव्हते, आणि आमच्या बिलात असे तास लावले आहेत हे तो माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकत होता. आता ओव्हरटाइमच्या बिलासोबत ती रक्कम मिळाल्याची चालकाची सही असलेली पावती जोडावी लागते, आणि ती नसेल तर बिलाचा तेवढा भाग मी पुढे पाठवत नाही.