ब्लेंडरच्या स्कल्प्ट मोडमध्ये माणसाचं डोकं: अनेक महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः Voxel Size या एका आकड्याबद्दल

पापण्या कोरून झाल्या, Ctrl+R दाबलं आणि डोळ्यांच्या कडेला चाळणी झाली. ब्लेंडरमध्ये डोकं घडवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं, आणि प्रोग्राम आधी एका शब्दानेही सावध करत नाही. म्हणून हा अनुभव बहुतांशी त्या एकाच गोष्टीबद्दल आहे. ब्रश कोणते, पेन टॅब्लेट कसा जोडायचा हे सगळ्यांना माहीत आहे असं धरतो. 4.3 पासून ब्रशची जुनी यादी जाऊन खाली पट्टी आली, त्यावर पुष्कळ रडून झालंय. दोन आठवड्यांत हात बसतो, सोडून द्या.

Ctrl+R ने होतो तो वोक्सेल रीमेश म्हणजे काय तर आख्खा आकार सारख्या मापाच्या छोट्या घनांत मोजायचा आणि त्यावर चौकोनांची नवी जाळी चढवायची. त्या घनाचं माप म्हणजे Voxel Size. या मापापेक्षा पातळ असलेलं काहीही टिकत नाही. टिकायचं असेल तर त्या भागाची जाडी किमान दोन-तीन घनांइतकी हवी. पापणीची कड, कानाची वरची घडी आणि नाकपुडीचा पडदा याच तीन जागी भोकं का पडतात, ते यावरून कळेल.

एक उदाहरण पूर्ण घेऊ. प्रौढ पुरुषाचं डोकं, हनुवटीपासून टाळूपर्यंत 23 सेंटिमीटर. खऱ्या मापात काम केलं तर जवळ गेल्यावर व्ह्यूपोर्ट चेहरा कापायला लागतो, कारण Clip Start मुळातच 1 सेंटिमीटरवर असतो. त्यामुळे सगळं दहापट धरायचं: उंची 2.3, रुंदी 1.5, आणि पुढून मागे 1.95. हे तिसरं माप आधी लिहून ठेवा. समोरून चेहरा छान दिसतो आणि बाजूने कवटी मागून कापल्यासारखी दिसते, हा नवशिक्यांच्या डोक्यातला सर्वांत सामान्य दोष आहे.

दुसरं काम डोळ्यांचं, आणि ते मातीला हात लावायच्या आधी. माणसाचं बुबुळासकट नेत्रगोल साधारण 24 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या मापात 0.12 त्रिज्येचे दोन गोल, मध्यरेषेपासून 0.315 वर, आणि उंचीच्या बरोबर मध्यावर. हे वेगळे ऑब्जेक्ट म्हणून ठेवायचे आणि शेवटपर्यंत हलवायचे नाहीत. पुढे गाल, भुवई, नाक काहीही वाढलं तरी डोळा खुंटीसारखा जागेवर राहतो आणि प्रमाण सरकलंय हे लगेच कळतं. डोळे मातीतच कोरले तर दर स्मूथला थोडे आत जातात, मग आपण ते मोठे करतो, आणि तासाभरात चेहरा लहान मुलाचा होतो.

व्ह्यूपोर्टचं Focal Length 50 वर असतं, ते 85 ते 100 करा. फोटोवरून काम करत असाल तर हे फारच महत्त्वाचं. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ते डोळ्याने खरं मानून कोरलं की बाजूने बघताना जबड्याचा कोन कुठेच बसत नाही.

आता मूळ मुद्दा. 0.08 वर सुरुवात करायची. मानेसकट डोक्याला सुमारे 2,300 चौकोन पडतात. हे फार कमी वाटतं, पण इथेच कवटीचा अंडाकार, जबड्याचा कोन, गालाच्या हाडाची दिशा आणि मानेचा पुढे झुकलेला दंडगोल बसवायचा. Grab आणि Clay Strips एवढे दोनच ब्रश पुरतात. नाक म्हणजे एक पाचर, ओठ म्हणजे फक्त एक फुगवटा. मग 0.04, तिथे साधारण 9,400 चौकोन होतात, मग 0.02, साधारण 37,000. आणि शेवटी 0.01, दीड लाखाच्या आसपास. आकडा अर्धा केला की चौकोन चौपट होतात, हे लक्षात असलं की पुरे.

आकडा खाली कधी आणायचा? पृष्ठभागावर टेंगळं येतात ती जवळजवळ सगळी या एका घाईतून. स्मूथ ब्रश प्रत्येक बिंदूला त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढतो. 0.08 वर शेजारी म्हणजे खऱ्या मापात 8 मिलिमीटर दूर, म्हणून दोन हात फिरवले की गाल सपाट होतो. 0.01 वर शेजारी 1 मिलिमीटरवर आहे. तिथे सेंटिमीटरभर रुंदीचं टेंगूळ असेल तर स्मूथला ते दिसतच नाही; तो फक्त वरची बारीक रेघ पुसतो आणि टेंगूळ आणखी गुळगुळीत, आणखी ठसठशीत करून ठेवतो. Shift दाबून धरून दहा मिनिटं घासलं आणि गाल साबणाच्या वडीसारखा झाला, पण उंचसखलपणा तसाच, याचं कारण हेच.

म्हणून कसोटी अशी: आत्ता जो बदल हवा आहे तो बाह्यरेषेत दिसतो का? दिसत असेल तर आकडा खाली आणायचा नाही. व्ह्यूपोर्टचं Lighting Flat करा, रंग काळा द्या, आणि डोकं हळू फिरवा. नुसत्या सावलीच्या आकृतीत कपाळ, गाल, हनुवटी पटत नसेल तर पापणीला हात लावणं वाया आहे.

टेंगळं शोधायला मात्र काळी आकृती उपयोगाची नाही. त्यासाठी MatCap मधला पट्ट्यांचा प्रकार घ्या. गाल चांगला असेल तर पट्ट्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत एका ओघात उतरतात. टेंगूळ असेल तिथे पट्टी थरथरते किंवा छोटं बेट तयार होतं. मातकट रंगाच्या मॅटकॅपमध्ये हेच टेंगूळ लपतं आणि रेंडरमध्ये बाजूच्या दिव्याखाली उघडं पडतं.

सापडलं की आकडा एक किंवा दोन पायऱ्या वर न्यायचा. 0.01 वर गालाचं हाड गठुळलेलं असेल तर Voxel Size 0.04 करून Ctrl+R. आता Scrape मोठ्या त्रिज्येने, म्हणजे निम्मा गाल झाकेल इतका, आणि जोर कमी ठेवून फिरवायचा. या ब्रशमध्ये Area Radius वाढवा. ब्रश आपल्या खालच्या भागाचा कल मोजून एक सपाट पातळी ठरवतो. मोजायचा भाग लहान असेल तर ती पातळी प्रत्येक टेंगळावर डुलते आणि खरवडताना आणखी खड्डे पडतात. गालाला दोन बाजू असतात, एक समोरची आणि एक कानाकडची, आणि त्या भुवईच्या बाहेरच्या टोकाकडून गालाच्या हाडावरून खाली ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने वळतात. दोन्ही वेगवेगळ्या खरवडा, वळणाची कड आधी कडक राहू द्या, मग तीच थोडी स्मूथ करा. मग पुन्हा 0.02.

यात पापण्या जातात, ही तक्रार खरी आहे. मास्क लावून त्या वाचत नाहीत, कारण रीमेश पूर्ण ऑब्जेक्टवर चालतो. उपाय एकच: जे पातळ आहे ते वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये. कान स्वतंत्र, त्याचा Voxel Size स्वतंत्र 0.01, आणि डोक्याचा गाल-जबडा पूर्ण पटल्यावरच Ctrl+J करून 0.01 वर एकत्र रीमेश. कानाच्या घडीची जाडी 3-4 मिलिमीटर असते, म्हणजे आपल्या 0.03 ते 0.04, ती इथे टिकते. पापणीची कड सुमारे 2 मिलिमीटर, ती याच टप्प्यावर कोरायची, आधी नाही.

आणखी एक त्रास, आणि यावर माझा राग अजून गेलेला नाही. हा आकडा ऑब्जेक्टच्या स्वतःच्या मापात चालतो. ऑब्जेक्ट मोडमध्ये S दाबून डोकं लांबट केलं असेल आणि Ctrl+A ने Scale लागू केलं नसेल, तर घनही लांबट होतात: उभ्या दिशेला जाळी विरळ, आडव्या दिशेला दाट. मग कपाळावर आडव्या पायऱ्या दिसतात आणि माणूस ब्रशला दोष देत बसतो. रीमेश करण्याआधी N पॅनेलमध्ये Scale तिन्ही ठिकाणी 1 आहे का, एवढं बघायची सवय लावा.

एकाच जाळीवर बारकाव्याच्या पातळ्या चढवणाऱ्या मल्टिरेझोल्यूशनबद्दल मत मात्र मधे बदललं. सुरुवातीला ते निरुपयोगी वाटत होतं: विभागलेल्या गोळ्यापासून आरंभ करून नाक पुढे ओढलं की तिथले चौकोन ताणून लांबुळके होतात आणि नाकाच्या बाजूला कंगोरे पडतात. तेव्हा ब्लॉकआउटसाठी ते नकोच, हे मत कायम आहे. पण 0.01 नंतर डोक्यावर हाताने 12,000 चौकोनांची नीट जाळी बसवली, Multires लावलं, Shrinkwrap ने मूळ आकार वर उतरवला, आणि मग खरी गंमत कळली. तिसऱ्या पातळीवर कपाळाच्या सुरकुत्या कोरून झाल्यावर गाल अजून गठुळलेला आहे असं दिसलं, तर पहिल्या पातळीवर उतरायचं, तिथे गाल स्मूथ करायचा आणि परत वर यायचं. सुरकुत्या तशाच, टेंगूळ गेलेलं. रीमेशमध्ये हे कधीच शक्य नाही. खालच्या पातळीवर बेताने मात्र. जोरात ओढलं तर वर काटे उभे राहतात. आणि मल्टिरेझ लागलेलं असताना Ctrl+R चालत नाही, त्यामुळे मूळ प्रतीचा डुप्लिकेट बाजूला ठेवा.

त्वचेच्या छिद्रांबद्दल, काटकसरीच्या दृष्टीने. 12,000 पासून चौथ्या पातळीवर 30 लाखांहून थोडे जास्त चौकोन होतात. खऱ्या मापात दोन बिंदूंमधलं अंतर पाव मिलिमीटरच्या थोडं आत येतं. ओठांच्या रेघा, डोळ्यांखालच्या घड्या यांना हे पुरतं. छिद्रांना पाचवी पातळी लागते, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास, आणि 16 जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ब्रश अडखळायला लागतो. त्यासाठी नवं मशीन घेऊ नका, वर्षाचं भाडं भरून दुसरा प्रोग्रामही घेऊ नका. चौथ्या पातळीवर थांबा आणि छिद्रं मटेरियलमध्ये बम्प टेक्स्चरने द्या. पूर्ण डोकं चौकटीत असेल तर फरक कळत नाही. नाकपुडीच्या जवळून क्लोजअप घ्यायचा असेल तरच पाचवी पातळी, आणि तेव्हाही कान, मान, डोक्याचा मागचा भाग Shift+H सारख्या युक्त्यांनी लपवत बसण्यापेक्षा चेहरा वेगळ्या फाइलमध्ये काढून काम केलेलं बरं.