मुंग्या: भेग बुजवावी की बोरिकचं आमिष?

परळच्या आमच्या चाळीतल्या वहिनींना पावसाळ्यात हाच प्रश्न पडला. घरात रांगतं बाळ.

आधी वाट शोधली. रात्री ओटा साबणाच्या पाण्याने पुसला, मधोमध गुळाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. अर्ध्या तासाने बॅटरी धरून परतणाऱ्या मुंग्यांच्या मागे गेलो, कारण खाऊन निघालेली मुंगी सरळ घरी जाते. रांग सिंकच्या पाइपाभोवतीच्या फटीत शिरत होती.

फट व्हाइट सिमेंटने बुजवायला खर्च किरकोळ, विषाची भीती नाही. पण वारूळ भिंतीत जिवंत राहतं आणि मुंग्या दुसरी भेग शोधतात.

आमिष म्हणजे दोन कप कोमट पाण्यात दहा चमचे साखर, एक सपाट चमचा बोरिक पावडर. बोळा भिजवून वाटेवर ठेवायचा. पावडर जास्त झाली तर मुंग्या वाटेतच मरतात, वारुळापर्यंत काही पोचत नाही. पहिल्या दिवशी गर्दी वाढते, तेव्हा पुसू नका. रांग विरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. बोरिक पोटात गेलं तर मुलांना घातक.

म्हणून वहिनींना मी सिमेंटच सांगितलं, आणि नवी रांग दिसली की पुन्हा गुळाचा थेंब. घरात लहान मूल, मांजर नसेल तर आधी आमिष, रांग थांबल्यावर सिमेंट.