स्क्रीनशॉटमधलं कर्ज: पूर्ण तक्ता उतरवायचा की फक्त दोन आकडे घ्यायचे?

कर्ज देणाऱ्याच्या ॲपमध्ये परतफेडीचा तक्ता दिसतो, पण तो फाईल म्हणून मिळत नाही आणि हाती उरतात ते स्क्रीनशॉट. त्यावरून दोन गोष्टी काढायच्या असतात: आजवर व्याजात किती गेलं आणि मुद्दल किती उरलं. मी दोन्ही रस्ते वापरून पाहिलेत. एकात फोटोतला मजकूर ओळखून घ्यायचा, सगळ्या ओळी शीटमध्ये आणायच्या आणि व्याजाच्या रकान्याची बेरीज करायची. दुसऱ्यात तक्त्यातले मोजके आकडे डोळ्यांनी वाचायचे आणि वजाबाकी करायची.

उदाहरणाला एक छोटं कर्ज घेऊ. रक्कम ५,००,०००, वार्षिक दर १२ टक्के, मुदत २४ महिने, हप्ता २३,५३७. दहा हप्ते भरून झालेत आणि दहाव्या ओळीत शिल्लक मुद्दल ३,०६,०६१ दिसतंय.

मी आधी पहिल्या रस्त्याने गेलो, कारण तोच जास्त भरवशाचा वाटला. शीटमध्ये चित्रातून तक्ता उचलण्याची सोय असते, फोनवरही फोटोतला मजकूर कॉपी करता येतो. रकाने नीट आले, दहा ओळी नीट आल्या. व्याजाची बेरीज केली तर ३७,३७७ आली. आकडा पटण्यासारखा होता, म्हणून मी पुढेही गेलो असतो. पण शेजारच्या हप्त्याच्या आणि मुद्दलाच्या बेरजांशी ताळा लागेना. फरक नेमका ४,०५४ चा, म्हणजे सहाव्या हप्त्यातल्या व्याजाइतका. ती ओळ तर समोर दिसत होती! बराच वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की त्या खान्यात `4,O54` होतं, शून्याच्या जागी इंग्रजी अक्षर ओ. बाकीचे आकडे खान्याच्या उजव्या कडेला चिकटलेले, हा एकटाच डावीकडे. शीटच्या दृष्टीने तो आकडा नव्हताच, मजकूर होता, आणि `SUM` मजकूर वगळून पुढे जातं. कुठे लाल खूण नाही, चूक दाखवणारी सूचना नाही.

माझं मत बदललं ते इथे. चूक होते याचं मला फारसं वाटलं नाही, ती गुपचूप होते याचा त्रास जास्त झाला. आकडा धडधडीत चुकीचा आला असता तर लगेच सापडला असता. ३ चा ८ झाला तर निदान पकडता येतो: सातव्या ओळीतलं ३,८६० व्याज ८,८६० झालं, तर उतरत्या रकान्यात मध्येच उडी दिसते, आणि व्याज अधिक मुद्दल म्हणजे हप्ता हा हिशोबही बसत नाही. वगळलेला खाना मात्र रकाना वाचताना जाणवतच नाही. हा रस्ता धरायचाच असेल तर बेरजेआधी एवढं जरूर करा:

```
=COUNT(C2:C11)
=SUM(C2:C11)
```

पहिलं उत्तर १० आलं नाही तर कुठला तरी खाना आकडा म्हणून वाचला गेलेला नाही. दशांशचिन्ह आणि स्वल्पविराम यांची शीटमधली मांडणी तक्त्यापेक्षा वेगळी असली तरी हेच होतं. आणि स्क्रीनशॉट एकापेक्षा जास्त असतील तर जोडाची ओळ दोनदा आलीय का किंवा सुटलीय का, हे हप्त्याच्या क्रमांकावरून तपासावं लागतं.

आता वजाबाकीचा रस्ता. भरलेल्या प्रत्येक हप्त्यात दोनच गोष्टी असतात, मुद्दल आणि व्याज. मुद्दल किती फिटलं हे शिल्लकेवरून कळतं, म्हणून उरलेलं सगळं व्याजच. दहा हप्त्यांचे २,३५,३७० झाले. मुद्दल ५,००,००० वरून ३,०६,०६१ वर आलं, म्हणजे १,९३,९३९ फिटलं. वजा करा: ४१,४३१. वरच्या तक्त्यातला ओ सुधारल्यावर बेरीजही तंतोतंत ४१,४३१ आली. एवढ्यासाठी दहाही ओळी उतरवायची गरज नव्हती.

स्क्रीनशॉट अर्धवट असला तरी हे चालतं, आणि मला ते फार आवडतं. पहिल्या ओळी कापल्या गेल्यात आणि चौथ्या ओळीची शिल्लक ४,२४,७३२ दिसतेय असं समजा. मग पाचव्या ते दहाव्या हप्त्यापर्यंतचं व्याज म्हणजे सहा हप्त्यांचे १,४१,२२२, वजा शिल्लकेतला फरक १,१८,६७१, उत्तर २२,५५१. एखाद्या वर्षापुरतं व्याज हवं असेल तरी असंच काढता येतं.

पण या रस्त्यावरही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडता पडता वाचलो. शिल्लकेचा रकाना हप्ता भरण्याआधीचा असतो की नंतरचा? काही तक्ते आधीची शिल्लक दाखवतात. तसं असेल तर दहाव्या ओळीत ३,२६,३३५ दिसेल, आणि ती रक्कम वापरली की व्याज ६१,७०५ निघेल, तब्बल २०,२७४ ने जास्त. ओळखायचं सोपं आहे: पहिल्या ओळीची शिल्लक मूळ कर्जाइतकीच असेल तर रकाना आधीचा, मग एक ओळ खालचा आकडा घ्या. आणि शिल्लक दर ओळीला बरोबर हप्त्याइतकीच उतरत असेल, तर ते मुद्दल नाहीच. पुढच्या व्याजासकट द्यायची एकूण रक्कम आहे.

तिसराही मार्ग लोक सांगतात, तक्ता न पाहता सूत्राने व्याज काढायचं:

```
=CUMIPMT(12%/12, 24, 500000, 1, 10, 0)
```

उत्तर ऋण चिन्हासह ४१,४३२ च्या आसपास येतं. एकाचा फरक हप्ते पूर्णांकात केल्यामुळे पडतो. पडताळणीला छान आहे. पण मध्ये दर बदलला, आगाऊ मुद्दल भरलं किंवा पहिला हप्ता महिन्याहून जास्त दिवसांनी आला, तर सूत्राला ते कळत नाही. वजाबाकीत आगाऊ भरलेली रक्कम फक्त भरलेल्या पैशांत मिळवायची आणि शिल्लक त्यानंतरची घ्यायची, की झालं. हप्त्यात विमा किंवा दंड मिसळला असेल तर तेवढा आधी वगळा, नाहीतर तोही व्याजात मोजला जाईल.

तक्ता उतरवण्याला अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. प्रत्येक महिन्याचं व्याज वेगळं हवं असेल, किंवा दर कुठल्या महिन्यात बदलला ते शोधायचं असेल, तर ओळी लागतातच. माझ्यापुरतं सांगायचं तर आधी वजाबाकीने उत्तर काढतो आणि गरज पडली तरच तक्ता उतरवतो. मग त्या बेरजेला ताळा लावायला हे उत्तर हाताशी असतं.

दोन्ही रस्त्यांना लागू असलेली एक गोष्ट. स्क्रीनशॉटमध्ये ठरलेलं वेळापत्रक असतं, प्रत्यक्ष भरणा असेलच असं नाही. एखादा हप्ता चुकला असेल तर खात्याचा उतारा पाहून भरलेले हप्ते मोजा. आणि कर्ज आज बंद करायचं असेल तर ३,०६,०६१ एवढेच पैसे घेऊन बसू नका. शेवटच्या हप्त्यापासून आजपर्यंतचं व्याज आणि करारात असल्यास मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क त्यावर चढतं, आणि तो आकडा या तक्त्यात नसतो.