साडेबारा टक्के सांगून मला ९ टक्केच दिले

मी यात फसलो म्हणून सांगतोय. माझी चांगली चाललेली ठेव होती, वर्षाला साडेनऊ टक्के, चक्रवाढ. एक ओळखीचा एजंट आला आणि म्हणाला साडेनऊवर काय बसलाय, आमच्या स्कीममध्ये साडेबारा मिळतात, ८ वर्षांत पैसे डबल. हिशोब पण समोर करून दाखवला, १०० चे २०० म्हणजे फायदा १००, भागिले ८ वर्षं, झाले की साडेबारा. मी मान डोलावली आणि ठेव मोडून पैसे तिकडे टाकले.

८ वर्षांनी डबल झाले बरोब्बर, म्हणून खूश पण होतो. मग अकाउंटचं काम करणाऱ्या मित्राला सहज सांगितलं तर तो म्हणे, अरे ७२ ला ८ ने भाग ना, ९ येतात, तुला ९ टक्केच मिळालेत. मला आधी कळेचना.

तर नियम असाय की ७२ ला वर्षाच्या टक्क्यांनी भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते अंदाजे येतं, आणि वर्षांनी भागलं की टक्के येतात. पण व्याजावर व्याज चढत असेल तरच हं. एजंटने ७२ च्या जागी १०० घेतले होते, म्हणजे सरळव्याजाने भागाकार करून आलेला आकडा माझ्या चक्रवाढीच्या साडेनऊशेजारी ठेवला, आणि मी दोन्ही एकाच मापाचे समजलो, तिथेच गंडलो. खरंच साडेबारा चक्रवाढ असते तर ७२ भागिले १२.५, म्हणजे पावणेसहा वर्षांतच डबल व्हायला हवे होते आणि ८ वर्षांत १०० चे साधारण २५६. जुन्या ठेवीत राहिलो असतो तरी २०६ च्या वर गेलो असतो, म्हणजे जास्तीच्या हावेपायी कमीच घेऊन आलो!

नंतर सर्टिफिकेट काढून बघितलं तर त्यावर टक्का कुठेच नाही, फक्त भरलेली रक्कम, मिळणारी रक्कम आणि तारीख. साडेबारा हे सगळं तोंडी. असा कागद हातात आला की ७२ चा भागाकार तिथल्या तिथे करा, मोबाईल पण लागत नाही.

फक्त ७२ हा अंदाज आहे, ८ टक्क्यांच्या आसपास अगदी जवळ बसतो पण दर मोठा झाला की घसरतो. कोणी ३६ टक्के सांगून २ वर्षांत डबल म्हणाला तर प्रत्यक्षात २ वर्षांत १०० चे १८५ सुद्धा पुरते होत नाहीत (आणि ३६ टक्के देणाऱ्याकडे जायचंच कशाला हा प्रश्न वेगळा).

एजंटला फोन केला होता. म्हणाला, "साहेब, डबल सांगितलं होतं, डबल मिळालं ना?"