रीलमधलं ‘पेपरचं’ मखर मागवताय? आधी कडा दाखवायला सांगा

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका रीलवरून इको फ्रेंडली मखर मागवलं आणि घरी आलं ते थर्माकोलचं, वरून फक्त कागद चिकटवलेला. आता परत तसल्याच रील दिसायला लागल्यात म्हणून लिहितेय.

रील अर्ध्या मिनिटाची होती. पहिल्या शॉटमध्ये एक हात खाकी पुठ्ठा टराटरा फाडतो, आतल्या लाटा स्पष्ट दिसतात, वर लिहिलेलं “१००% पेपर, नो थर्माकोल”. मग मखराचे भाग एकमेकांच्या खाचेत बसवतात, परत सुटे करून सपाट पिशवीत घालतात आणि “पाच वर्षं वापरा”. शेवटी लाइट लावलेलं मखर आणि ठळक ९९९. सगळं एकदम पटण्यासारखंच होतं कारण लोक जे विचारतात ना, कशाचं आहे, पुन्हा वापरता येतं का, केवढ्याला, ते तिन्ही त्यात होतं.

पण गोम अशी की फाडलेला तुकडा आणि मखर एका फ्रेममध्ये कधीच येत नाहीत, मध्ये कट आहे. मी ती रील सेव्ह करून ठेवली होती म्हणून नंतर थांबवून थांबवून बघितली, तर मखराच्या प्रत्येक कडेला सोनेरी लेस! खऱ्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेला लाटा दिसतात, तीन प्लाय म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याला लाटांची एक ओळ, पाच प्लायला दोन. तीच कडा त्यांनी झाकलेली होती.

घरी आलेल्या मखराची लेस मागच्या बाजूने सोलली तर दोन कागदांच्या मध्ये पांढरा गुळगुळीत फोम, फोटो फ्रेमवाले आणि आर्किटेक्चरची पोरं मॉडेलला वापरतात तो फोम बोर्ड. त्यात थर्माकोलसारखे मणी दिसत नाहीत त्यामुळे पटकन कळत नाही, पण बऱ्याचदा आत पॉलिस्टायरीनच असतं, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो तेच. खात्री करायला कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर थेंबभर टाकलं, फोम जागच्या जागी विरघळून खड्डा पडला. पुठ्ठ्यावर टाकलं तर नुसतं ओलं होऊन वाळतं. दुसरं म्हणजे तुकडा पाण्यात रात्रभर ठेवा, पुठ्ठ्याचे थर सुटून लगदा व्हायला लागतो, याचा फक्त वरचा कागद निघाला आणि फोम मस्त तरंगत होता. आणि सजावटीच्या थर्माकोलवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी वर कागद लावून हे असं चालू आहे.

पुन्हा वापरायचं म्हणाल तर फोम दाबला गेला की परत फुगत नाही, त्यामुळे खाचा एकदा बसवल्या की सैल होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कमान पुढे झुकायला लागली, शेवटी मागून दोरा बांधला आणि अनंत चतुर्दशीपर्यंत कसंबसं ढकललं. खांब तर गरम ग्लूने चिकटवूनच आले होते, ते सपाट होणार कसे?

किमतीचं पण तेच. ९९९ ला फक्त मागची कमान, खांब आणि आसन वेगळे, मिळून २,६५०, वर कुरियर २५० म्हणजे २,९००, तेही सगळे आधीच. मापाचं पण बघा, रीलमधली मूर्ती छोटी होती म्हणून मखर भव्य वाटत होतं. रुंदी, उंची, खोली इंचात लिहून घ्या आणि आपल्या मूर्तीच्या पाटाशी ताडून बघा.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे, “मॅडम, पेपर फिनिश असंच म्हटलं होतं, फेस्टिवल आयटमला रिटर्न नाही.” खोटं आहे हे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांप्रमाणे ऑनलाइन धंदा करणाऱ्याला जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, सांगितलेल्या वेळेच्या नंतर आला तरी नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, सोबत रील, चॅट आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट. तोवर त्याने रील उडवली होती, माझ्याकडे होती म्हणून निभावलं. बऱ्याच फोनाफोनीनंतर कुरियर कापून २,६५० परत आले. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, अकाउंटच गायब, असं झालं तर मात्र लगेच १९३० ला फोन करायचा, तो सायबर फ्रॉडचा नंबर आहे.

यंदा एका दुसऱ्या विक्रेतीला आधीच सांगितलं, जे मखर मला पाठवणार त्याचीच उघडी कडा न कापलेल्या एका व्हिडिओत दाखवा आणि बिलावर “कोरुगेटेड पुठ्ठा, पाच प्लाय” लिहा. तिने दहा मिनिटांत पाठवला. त्याआधी दोघांना हेच विचारलं होतं, एकाने मेसेज बघून सोडून दिला, दुसऱ्याने ब्लॉकच केलं.