दगडी कमानीचा पूल: दुरुस्ती, भारबंदी की नवा पूल?

जुन्या दगडी पुलाचा निर्णय करायची वेळ आली की पर्याय तीनच असतात. दुरुस्त करून सगळी वाहतूक चालू ठेवायची, पूल राखून अवजड वाहनं बंद करायची आणि शेजारी दुसरा बांधायचा, किंवा पाडून त्याच जागी नवा उभारायचा. चर्चा मात्र बहुतेक वेळा ‘शंभर वर्षं झाली, आता पाडाच’ इथून सुरू होते. वयावरून काहीच ठरत नाही. पणजी ते रायबंदर हा पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला कमानींचा रस्ता अजून वाहतूक वाहतो आहे, आणि महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. त्या रात्री पुलावर गाड्यांची रांग नव्हती. नदीला पूर होता.

म्हणून तपासणी पायापासून सुरू करायची, मग कमानीकडे यायचं. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा लागतो, कारण कमान डोळ्यांना दिसते आणि पाया पाण्याखाली असतो.

आधी पाया आणि पाणी

गर्डरच्या पुलाखाली पाणी चढलं तरी मार्गाची रुंदी तेवढीच राहते. कमानीत तसं नाही. जिथून कमान सुरू होते त्या पातळीच्या वर पाणी गेलं की प्रत्येक फुटाला वाट अरुंद होत जाते, प्रवाहाचा वेग वाढतो आणि तो खांबाच्या बुडाशी माती उकरतो. कमानीचा माथा बुडाला की आणखी एक अडचण येते: ही रचना स्वतःच्या वजनावर घट्ट बसलेली असते, आणि पाण्याखाली ते वजन हलकं होतं. वर कठड्याला ओंडके नि जलपर्णी अडली की पुलाचंच धरण होतं.

खांबाचा पाया किती खोल आहे हे जुन्या नकाशात असेल तर उत्तम, पण नकाशावर विसंबून राहू नये. खांबातून खाली कोअर काढायचा: दगडी बांधकाम कुठे संपतं आणि त्याखाली कातळ आहे की वाळू, हे त्या एका नळीत दिसतं. पाया पक्क्या बेसॉल्टवर असेल तर या प्रश्नाचा मोठा भाग तिथेच मिटला. वाळूवर असेल तर लेसीच्या सूत्राने खरवड, म्हणजे पुराचं पाणी तळ किती खोल उकरेल ते, काढायची. D म्हणजे पूररेषेपासून मोजलेली खरवडीची सरासरी खोली, Db म्हणजे पुरात दर मीटर रुंदीतून जाणारं पाणी, Ksf हा गाळाचा गुणांक:

```
D = 1.34 × (Db² / Ksf)^(1/3)
```

समजा दर मीटर रुंदीतून सेकंदाला १२ घनमीटर पाणी जातं आणि तळाला अर्ध्या मिलिमीटरची वाळू आहे, म्हणजे Ksf सुमारे १.२५. D येतो ६.५ मीटर. खांबाशी याची दुप्पट धरतात, म्हणजे पूररेषेपासून १३ मीटर. पूररेषा तळापासून ६ मीटर वर असेल तर खांबापाशी तळाखाली ७ मीटरपर्यंत खरवड जाऊ शकते. पाया तळाखाली अडीच मीटरच असेल, तर वर कमान कितीही देखणी नि भक्कम असू दे, तो पूल पुरात धोक्यात आहे. नदीतून वाळूउपसा झाला असेल तर आजचा तळ मूळ तळापेक्षा खाली असतो. म्हणून पुलाच्या वर आणि खाली नदीचे आडवे छेद मोजून जुन्या पातळ्यांशी ताडून बघायचे.

याला उपाय नाही असं नाही. खांबाभोवती तळाला काँक्रीटचा थर आणि त्याच्या दोन्ही कडांना खोल भिंती घालता येतात. पण तो थर तळाच्या वर आला तर पाण्याची वाट आणखी कमी होते, आणि कडेच्या भिंती उथळ राहिल्या तर थराखालूनच माती निघून जाते. वाट मुळातच अपुरी असेल तर दुरुस्तीने ती वाढत नाही, आणि पाडण्याच्या बाजूने हेच सगळ्यात प्रामाणिक कारण आहे.

मग कमान किती भार घेते

इथे पहिली चाळणी म्हणून जगभर वापरली जाते ती मेक्सी पद्धत. ब्रिटिश लष्कराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बसवली आणि आपल्याकडच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ३७ या मार्गदर्शिकेतही हाच मार्ग आहे. साधारण १८ मीटरपर्यंतच्या, आकार न बिघडलेल्या कमानींसाठी ती ठीक आहे.

```
PAL = 740 × (d + h)² / L^1.3
```

L हा गाळा, म्हणजे कमानीच्या दोन पायथ्यांमधलं अंतर, d माथ्यावरच्या दगडी कड्याची जाडी, h त्याच्या वरचा भराव, सगळं मीटरमध्ये. उत्तर टनांत येतं आणि ते जोडआसातल्या, म्हणजे गाडीच्या जवळजवळ बसवलेल्या दोन आसांतल्या, एका आसाचं असतं.

एक नमुना घेऊ. गाळा ९ मीटर, माथ्याची उंची २.२५, कडं ०.६० मीटर. भराव किती? रस्त्याची वरची पातळी नि कमानीची खालची पातळी यांतल्या फरकातून कड्याची जाडी वजा करून ०.४५ येतो. पण खड्डा खणून बघितलं तर त्यातले १५ सेंटीमीटर हे वर्षानुवर्षं एकावर एक टाकलेले, तडकलेले, सुटे झालेले डांबराचे थर निघतात. ते धरले तर उत्तर ४७ टन, वगळले तर ३४. बेरजेचा वर्ग होतो म्हणून एवढी तफावत. खड्डा न खणता केलेल्या अहवालावर भरवसा ठेवू नये तो याचसाठी. सूत्राचा आणखी एक दोष असा की ते दगडाचा नि मातीचा इंच सारखाच मोजतं, म्हणून कड्याची खरी जाडीही कोअर घेऊनच ठरवायची. बाहेरच्या दर्शनी दगडावरून आतली जाडी कळत नाही.

या ३४ टनांना आता गुणक लागतात. गाळा भागिले उंची ४ आहे, त्यामुळे तिथे काही कापलं जात नाही. पाव गाळ्यावर उंची १.७८ मीटर भरली, त्याचा गुणक ०.९०. घडीव काळ्या दगडाला कोष्टक १.५ देतं, पण आतलं काम तसंच आहे याची खात्री नसेल तर १.२ धरणं शहाणपणाचं, भरावाचे ०.७ मिसळून एकत्रित गुणक १.०३ होतो. इथवर ३२ टन. पुढचं सगळं दर्जांवर, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांवर, आणि अवस्थेवर आहे:

| | आज | चुन्याने दर्जा भरल्यावर |
|---|---|---|
| दर्जांची रुंदी (६ ते १२ मिमी) | ०.९ | ०.९ |
| चुना | ०.९ (भुसभुशीत) | १.० |
| दर्जांची खोली | ०.८ | १.० |
| अवस्था | ०.६ | ०.८ |
| एका आसाला भार | १२.४ टन | २३ टन |

जोडआसाला कायद्याने २१ टन चालतात, म्हणजे एका आसाला साडेदहा. आजचे १२.४ त्याहून थोडेसेच जास्त आहेत, आणि ऊस किंवा खडी वाहणारी गाडी कायद्याच्या मापात धावते असं समजणं धाडसाचं ठरेल. पण पुलाच्या अंगावर एक टनही काँक्रीट न चढवता, फक्त दर्जा भरून आणि भेगा शिवून आकडा जवळजवळ दुप्पट होतो. दुरुस्तीच्या बाजूचा खरा मुद्दा हा आहे.

अवस्थेचा गुणक मात्र तपासणाऱ्याच्या नजरेवर असतो, आणि तिथेच अहवाल वाकवता येतात. म्हणून प्रत्येक भेगेची जागा नि दिशा नोंदवलेली मागावी. बाजूच्या भिंतीच्या आतल्या कडेने लांबीच्या दिशेने गेलेली भेग म्हणजे भरावात मुरलेलं पाणी भिंतीला बाहेर ढकलतंय. यात कमान सहसा शाबूत असते आणि पाण्याला वाट करून दिली की प्रश्न आटोक्यात येतो. कमानीच्या मधोमध लांबीने गेलेली रुंद भेग पाया असमान खचल्याची खूण असू शकते. आडवी भेग, माथा बसलेला किंवा पाव गाळ्यावर फुगवटा असेल तर कमानीचा आकारच बदललाय. तिथे मेक्सी सोडून दाबरेषेचं, म्हणजे कमानीतून दाब कुठून जातो याचं, सविस्तर गणित करावं लागतं. गुणक ०.४ च्या खाली गेला तर आधी अवजड वाहतूक थांबवायची, चर्चा नंतर.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान सिमेंटने होतं. कडक सिमेंटची दर्जा पाणी आत कोंडते, आणि कोकण-गोव्याच्या जांभ्यात तर दर्जा शाबूत राहून शेजारचा चिराच झिजतो. पोटाला मारलेलं गनाइट, म्हणजे फवारलेला सिमेंटचा थर, आणखी वाईट: भेगा झाकल्या जातात आणि पुढची तपासणी आंधळी होते. सैल चुना दर्जेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलवर खरवडायचा, धुवायचा, मग चुना-वाळूचा मसाला दाबून भरायचा आणि कित्येक दिवस ओलं पोतं ठेवायचं. पावसाळ्यात हे काम काढू नये. पाणी निचऱ्याची भोकं आत पातळ मसाला भरताना बुजतात, ती आधी लाकडी खुंट्या ठोकून राखावी लागतात.

वारसा म्हणजे नेमकं काय

इथे दोन वेगळे प्रश्न असतात आणि ते नेहमी गुंतवले जातात. एक, हा पूल स्वतः संरक्षित आहे का: केंद्राच्या किंवा राज्याच्या स्मारकांत, नाहीतर शहराच्या वारसा यादीत. दुसरा, तो दुसऱ्या संरक्षित स्मारकाच्या जवळ आहे का. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर परवानगी लागते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल ब्रह्मपुरी टेकडीच्या याच नियमामुळे रखडला होता. म्हणजे जुना पूल यादीत नसला तरी नव्या पुलाची जागा अडू शकते. ही चौकशी निविदेआधी करावी, खांब अर्धे चढल्यावर नाही.

यादीत नसलेल्या पुलाचंही मोल ठरवता येतं. त्यासाठी मूळ काय शिल्लक आहे ते मोजायचं: कठडे, पाणी कापणारी खांबांची टोकं, बांधकामाचं साल कोरलेला दगड, चुन्याचं काम. आधीच काँक्रीटचं जॅकेट चढलेल्या पुलात वारसा म्हणून राखण्यासारखं कमी उरतं. आणि वारसा हे सुरक्षिततेच्या गणितातलं वजन नाही. पाया वाळूवर अडीच मीटर असेल तर साल कोरलेला दगड त्याला वाचवत नाही.

तिघांत निवड

पाया कातळावर, पाण्याची वाट पुरेशी आणि खराबी दर्जांपुरती असेल तर दुरुस्तीच करावी. पाडण्याचा खर्च, वळणरस्ता नि वर्षभराची गैरसोय त्याहून मोठी असते. कमान ठीक पण रुंदी कमी असेल तर शेजारी नवा. सांगलीत कृष्णेवरच्या १९२९ च्या आयर्विन पुलाला असाच समांतर पूल झाला. रुंदीच्या अडचणीसाठी जुन्या कमानीवर बाहेर झुकणारा काँक्रीटचा स्लॅब टाकू नये, कारण बाजूच्या भिंतींवर त्याचा भार येतो आणि त्या त्यासाठी बांधलेल्या नसतात. पाया उघडा पडलेला आणि पाण्याची वाट अपुरी असेल तर पाडणं.

पाडण्याचं कारण नेहमी ताकदच असतं असंही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला तो खालच्या रस्त्याची कोंडी नि अपघात यांमुळे. असं असेल तर अहवालात तसंच लिहावं. कमान धोकादायक आहे असं भासवू नये.

शेजारी नवा पूल हा पर्याय घेतल्यावर एक काम हमखास राहून जातं. जुना पूल वाहतुकीतून निघाला की त्याची देखभाल कोणाकडे, हे कागदावर नसतं. वर्षभरात दर्जांत पिंपळ-उंबर रुजतात. पण नदीच्या दृष्टीने तो पूल तिथेच असतो: त्याचे खांब नव्या पुलाच्या खांबांवर प्रवाह वळवतात आणि तो पडला तर दगड नव्या पुलाच्या वाटेत अडकतात. म्हणून नव्या पुलाचे खांब जुन्याच्या खांबांशी रांगेत धरावेत, आणि जुन्याच्या पावसाळ्याआधीच्या नि नंतरच्या तपासणीसाठी स्वतंत्र तरतूद नव्या पुलाच्याच अंदाजपत्रकात घालून घ्यावी. नंतर ती मिळत नाही.