एका लेखाचे बारा तुकडे आणि माझे 15,500 रुपये

15,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न तोच विचारला आणि वर "मग ठीक आहे, फार नाही गेले" असं म्हणून मोकळा झाला. फार की थोडे ते ज्याचे गेले त्याला ठरवू द्या.

काम असं होतं. कॅफीन आणि झोप या विषयावरचा माझा 3,200 शब्दांचा लेख. त्यातून न्यूजलेटरचा एक अंक, 60 सेकंदांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट आणि दहा सोशल पोस्ट करून हव्या होत्या. मला हे जमत नाही असं कुणी समजू नये. पण स्वतःचा लेख कापायला बसलं की प्रत्येक वाक्य लाडकं वाटतं, म्हणून तिऱ्हाइताकडे द्यायचं ठरवलं. फ्रीलान्सरांच्या एका साइटवर हा गृहस्थ भेटला. ठरले 14,000, निम्मे आगाऊ. आणि मग नेहमीचीच टेप: "ताई, साइट फुकट कमिशन खाते, तुम्ही थेटच पाठवा ना." हा डाव मला माहीत नव्हता असं नाही. पण त्याचे नमुने खरोखर चांगले होते. (कुणाचे होते देव जाणे.) सोबत स्क्रीनशॉट, ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, 62 टक्के. क्लिकचा रकाना मात्र कापलेला. 2021 पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असली की वाचणाऱ्याने मेल उघडलाच नाही तरी त्यातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, आणि न्यूजलेटर पाठवणाऱ्या सेवेकडे तो 'उघडला' म्हणून नोंदला जाऊ शकतो. त्यामुळे नुसता ओपन रेट नाचवणाऱ्याला क्लिक किती ते विचारा. मी विचारलं होतं. "ते क्लायंटचं गोपनीय आहे" असं उत्तर आलं आणि तेव्हा ते जबाबदार माणसाचं उत्तर वाटलं.

7,000 गेले. काम आलं ते वॉटरमार्क मारलेल्या चित्राच्या रूपात. अंकाचा पहिला परिच्छेद तेवढा स्पष्ट, खाली सगळं धूसर. उरलेले पैसे द्या, मग फाइल. पहिला परिच्छेद मला फार आवडला. आवडणारच, शब्दन् शब्द माझाच होता.

आणि आता तो क्षण, ज्याने अजून झोप उडते. पैसे पाठवण्याआधी त्याचा फोन आला आणि तो कौतुकाने म्हणाला, "ताई, स्क्रिप्ट पूर्ण दोन पानं झालीय, जास्तीचे पैसे नाही लावले." दोन पानं! 60 सेकंदांसाठी! मराठीत कॅमेऱ्यासमोर सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास बोलतो. म्हणजे मिनिटभराची स्क्रिप्ट अर्ध्या पानात संपली पाहिजे. हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण त्या वेळी अंक पाठवायची तारीख डोक्यावर होती, समोरचा माणूस गोड बोलत होता, आणि 'जास्तीचे पैसे नाही' एवढंच कानात शिरलं. "वा, छान" म्हणाले आणि दुसरे 7,000 पाठवले.

फाइल उघडली. न्यूजलेटरचा अंक म्हणजे लेखाचे पहिले 700 शब्द जसेच्या तसे, शेवटी 'क्रमशः'. विषयाच्या ओळीत लेखाचंच शीर्षक. स्क्रिप्ट म्हणजे लेखाचा मधला भाग, त्यात 'वर सांगितल्याप्रमाणे' हे शब्द दोनदा. व्हिडिओत वर काय असतं? पंखा? पोस्ट तर परिच्छेदांतून उपटलेली वाक्यं. एक सुरू होते 'त्यामुळेच', दुसरी 'पण याला अपवाद आहे' अशी. कशामुळे, कशाला अपवाद, ते मागे लेखातच राहिलेलं. एक्ससाठीच्या पोस्ट 280 च्या मर्यादेत बसवल्याचा दावा होता, पण पठ्ठ्याने डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजली होती. तिथे काना, वेलांटी, जोडाक्षरात लपलेली पायमोडीची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. 'रात्री' हा दोन अक्षरांचा शब्द सहा धरला जातो. म्हणून चारपैकी तीन पोस्ट जाईचनात.

हे सगळं एक वेळ पोटात घातलं असतं. पण एक पोस्ट बघा. माझ्या लेखात होतं: निरोगी प्रौढाच्या अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी 5 तास लागतात, माणसागणिक हा वेळ खूप बदलतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कितीतरी वाढतो. त्याची पोस्ट: 'कॉफीचा परिणाम 5 तासांत संपतो!' निम्मं होणं म्हणजे संपणं नव्हे हो. दुपारी 4 च्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री 9 ला अंगात असतं आणि पाव हिस्सा पहाटे 2 ला. लेखाचा सगळा मुद्दाच हा, आणि पोस्ट वाचणारा नेमकं उलटं शिकणार. खरं तर 4, 9 आणि 2 या तीन वेळाच व्हिडिओची स्क्रिप्ट होत्या. चांगल्या माणसाने तेवढ्यावर मिनिट भरून काढलं असतं. अंकात मग एवढंच लिहायचं की तुमची शेवटची कॉफी किती वाजता, बाकीचं लेखात, ही लिंक.

चुका दाखवल्यावर 'रिव्हिजन'चे 1,500 मागितले. तेही दिले, कारण 14,000 वाया जाण्यापेक्षा 1,500 परवडले असं कुणीही म्हणेल. त्यानंतर नंबर बंद.

आता तक्रारीची कथा. साइट म्हणते, व्यवहार आमच्याबाहेर झाला, आमचा संबंध नाही. अहो, पण तो माणूस तुमच्याच पानावर 'व्हेरिफाइड' बिल्ला लावून बसलाय त्याचं काय? उत्तर: 'तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे.' बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, कुणी चोरले नाहीत. पोलिसांकडे गेले तर समोरच्या साहेबांनी फाइल वरखाली करून विचारलं, "काम तर दिलंय की. मजकूर तुमच्याच लेखातला आहे ना?" तोच तर गुन्हा आहे, साहेब! माझाच मजकूर मला विकला. "मग आवडलं नाही असं म्हणा, हा दिवाणी मामला आहे." 15,500 साठी दिवाणी दावा लावायचा आणि त्याहून जास्त वकिलाला द्यायचे. शेवटी पोच मिळाली, तिच्यावर तक्रारीचा विषय 'लेखन न आवडणे'. हा कागद मी जपून ठेवलाय.

कुणाला हे काम द्यायचंच असेल तर सगळ्या लेखाचं देऊ नका. आधी एकच परिच्छेद द्या, ज्यात एखादा आकडा आणि त्याला जोडलेली अट आहे, आणि त्यावर एकच पोस्ट मागा, पैसे देऊन. अट गळली तर तिथेच नमस्कार. आणि लेख न वाचता, वाचणारे कोण हे न विचारता दर सांगणारा माणूस कात्री घेऊनच बसलेला असतो.

तो गृहस्थ नव्या नावाने परत आलाय. 'व्हेरिफाइड' बिल्ला आहेच. नमुन्यांत माझा अंक लावलाय, 'क्रमशः'सकट, आणि पोस्टच्या नमुन्यांत पहिलीच आहे 'कॉफीचा परिणाम 5 तासांत संपतो!' ही ओळ दिसली की ओळखा. साइटला पुन्हा कळवलंय. तक्रार 'विचाराधीन' आहे म्हणे.